पन्हाळ्याची सहल : पालकांना द्यायचं पत्र असं चालेल का?

चौथी_ब

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर शहरातल्या एका अनुदानित शाळेत चौथीला शिकवते. डिसेंबरात वर्गाची एक दिवसाची सहल पन्हाळ्याला न्यायची ठरली आहे. ३८ मुलं, एक एसटी, आणि आम्ही मोठी माणसं पाच : तीन शिक्षक, एक सेविका, एक पालक. चौथीला इतिहासात पन्हाळ्याच्या वेढ्याचा धडा आहे, त्यामुळे ठिकाणावरून वाद नाही. अडलंय ते पत्रापाशी. आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच मजकूर चालतो, ठिकाण आणि तारीख तेवढी बदलायची. त्यातच थोडी भर घालून मी खालचं पत्र केलंय. वाचून सांगा, तुमच्या घरी हे आलं तर काय वाटेल?

*प्रिय पालक, सप्रेम नमस्कार.*
*आपल्या पाल्याच्या सर्वांगीण विकासाच्या दृष्टीने शाळेने ऐतिहासिक किल्ले पन्हाळा येथे एकदिवसीय शैक्षणिक सहलीचे आयोजन केले आहे. सहलीत चार दरवाजा, सज्जा कोठी, अंबारखाना, धर्मकोठी, सोमेश्वर तलाव, संभाजी मंदिर, तीन दरवाजा, अंधारबाव, पुसाटी बुरूज, राजदिंडी, पराशर गुहा, तबक उद्यान व बाजीप्रभूंचा पुतळा ही स्थळे दाखविण्यात येतील. विद्यार्थ्यांनी सकाळी ७ वाजता शाळेत हजर राहावे. सोबत जेवणाचा डबा व पाण्याची बाटली आणावी. मौल्यवान वस्तू आणू नयेत. सहल शुल्क रु. २५० शुक्रवारपर्यंत जमा करावे. शुल्क न भरणाऱ्या विद्यार्थ्यांना सहलीस नेले जाणार नाही. सहलीदरम्यान कोणताही अनुचित प्रकार घडल्यास त्याची जबाबदारी शाळेवर राहणार नाही.*
*खाली पालकांची सही.*

झुणकाभाकर

पन्हाळ्यावर झुणका-भाकरी आणि दही नेमकं कुठलं भारी, ह्यावर आधीच एक धागा आहे बघा. शनिवार-रविवार मात्र जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत न्हाई. रूम पाहिजे असली तर व्यनि करा.

उद्यमनगर

झुणकाभाकर भावा, वरचं वाचलंयस का न्हाई? ३८ पोरं हायत, रूम कसली काढतोस.

बाई, मी बापाच्या बाजूनं सांगतो. माझी पहिली पाळी सातला सुरू हुते, बायको दुकानात. पोरगं परत किती वाजता येणार हे तुमच्या पत्रात कुठंच न्हाई. सकाळी सातला आणून सोडा एवढंच हाय. गेल्या साली थोरल्याच्या सहलीला 'संध्याकाळी' असं लिहिलं हुतं. आमची आई साडेचारला जाऊन शाळेच्या दारात बसली, गाडी आली पावणेआठला. फोन कुणाला करायचा तेबी ठाऊक न्हाई.

मुरलेला_मास्तर

बाई, मी चौतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची मुख्याध्यापक म्हणून. हे पत्र मीही पुष्कळ वेळा सही करून पाठवलंय, म्हणून हक्काने बोलतो.

शेवटचं वाक्य आधी काढा. 'जबाबदारी शाळेवर राहणार नाही' हे लिहून आणि पालकाची सही घेऊन जबाबदारी जात नसते. मूल तुमच्या ताब्यात असताना शिक्षकाने वाजवी काळजी घ्यायची असते आणि त्यात हयगय झाली तर ती सही पुढे करून कुणी सुटत नाही. पालकाला मुलाच्या वतीने तो हक्क सोडून देता येतो असं समजण्यातच घोळ आहे. उलट उद्या काही झालंच, तर तेच वाक्य दाखवून विचारतील की तुम्हाला धोका आधीपासून माहीत होता, मग केलंत काय? मग पालकाची सही घ्यायची कशाला, तर त्याला सगळं कळलेलं आहे हे नोंदवायला. कुठे जाणार, कशाने जाणार, कोण बरोबर आहे, वर धोक्याच्या जागा कोणत्या आणि तिथे तुम्ही काय करणार. हे पत्रात असेल तर सहीला किंमत आहे.

२०१६ च्या मुरूडच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या दुर्घटनेनंतर सहलींचे नियम फार कडक झाले. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी हातात आल्याशिवाय पत्र वाटू नका, आणि परवानगी मिळाली आहे हे पत्रात एका ओळीत लिहा. पालकांना त्यानेच निम्मा धीर येतो. एसटीच घेताय हे उत्तम, शालेय सहलीला भाड्यात सवलतही मिळते.

आता दुसरं. तुमच्या यादीत तेरा ठिकाणं आहेत. पन्हाळ्याचा घेर सात किलोमीटरच्या वर आहे हो! नऊ-दहा वर्षांची ३८ मुलं गाडीतून उतरवून, मोजून, लघवीला नेऊन, परत मोजून पहिल्या जागेवर उभी करायला मला कधीही पाऊण तासाच्या आत जमलं नाही. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी उतरा, मोजा, बघा, मोजा, चढा. तेरा ठिकाणं केलीत तर मुलं फक्त रांगा बघतील. चार निवडा.

वाघबीळ

मास्तरांशी सहमत. मी दर पावसाळ्यात पन्हाळा-विशाळगड करतो, गडावर तर महिन्यातून एकदा तरी असतोच. कोल्हापूरहून जाताना केर्ली सोडलं आणि वाघबीळला डावीकडं वळलं की घाट लागतो. मोठा नाही, पण सकाळी सकाळी दूध पिऊन आलेली पोरं तिथंच ओकतात. पत्रात लिहा की दूध देऊ नका, कोरडं काहीतरी खाऊन पाठवा. गाडी लागणाऱ्यांची नावं आधी मागवा आणि त्यांना पुढं बसवा. पिशव्या जवळ ठेवा.

चार ठिकाणं मी सांगतो. सज्जा कोठी, अंबारखाना, तीन दरवाजा आणि शेवटी बाजीप्रभूंचा पुतळा. जेवायला तबक उद्यान, तिथं सावली आहे. पुसाटी बुरूज लहान पोरांना नको. तटाला कित्येक जागी कठडाच नाही आणि पोरं वाकून बघतातच.

माकडांचं पण लिहा. डबा हातात घेऊन चालायचं नाही, पाठीवरच्या पिशवीत चेन लावून. प्लास्टिकच्या पिशवीचा कुरकुर आवाज आला की माकड आलंच. आणि आग्या मोहोळ. गडांवर कड्याला, जुन्या भिंतींना ही पोळी असतात. अत्तर, सेंट लावून पाठवू नका हे पालकांना सांगायला हवं. वर गेल्यावर दगड मारायचा नाही, जाळ-धूर करायचा नाही. आल्याच माश्या अंगावर तर हात हलवायचे नाहीत, तोंड-डोकं झाकून सरळ गाडीत किंवा बंद खोलीत पळायचं. काटा रुतला असला तर नखानं खरवडून लगेच काढायचा.

पावनखिंड_१६६०

अंधारबाव यादीत ठेवाच. इतिहास तिथंच घडलाय! १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज अंधारबावेतल्या चोरवाटेनं ६०० मावळे घेऊन बाहेर पडले आणि विशाळगडाकडं गेले. मुलांना ती वाट दाखवली की धडा डोळ्यांसमोर उभा राहतो. तीन दरवाजाही महाराजांनी बांधलेला, ते सांगा.

मुरलेला_मास्तर

रात्र आणि मावळ्यांची संख्या तुम्ही बरोबर सांगितलीत, वाट मात्र नाही. महाराज राजदिंडीने उतरले असंच परंपरा सांगते. अंधारबावेला तटाबाहेर निघणारी वाट आहे, म्हणून लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. ती बाव आदिलशाहीतली, तीन मजली. तळात पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर जायची वाट, वर पहाऱ्याची जागा. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीवर घरच बांधलं.

तीन दरवाजाही आदिलशाहीच. त्यावर फारसी शिलालेख आहे, मुलांना तोच दाखवा. मुळात गड शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, नंतर आदिलशहांचा, १६५९ च्या नोव्हेंबरात महाराजांचा. पुढे हातातून गेला तो १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी परत घेतला. 'गड कुणी बांधला' याला एक नाव नाही हे चौथीच्या मुलाला कळतं, आपणच घाबरतो सांगायला.

पावनखिंड_१६६०

परंपरा तर आमच्या गावातही वेगळीच सांगतात. असो. शिवा काशीद तरी पत्रात घ्या. नेबापूरला समाधी आहे, गडाच्या पायथ्यालाच.

चित्रकलावाली

मस्त कल्पना सुचली! मुलांना पांढरा कागद आणि मेणाचे खडू घेऊन जायला सांगा. तीन दरवाजाच्या शिलालेखावर कागद ठेवून घासलं की अक्षरं उमटतात. मी नाण्यांवर करून घेते वर्गात, मुलं वेडी होतात.

वाघबीळ

नाण्यावर करा मॅडम, शिलालेखावर नको. पन्हाळा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, शिवाय २०२५ च्या जुलैपासून आणखी अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत. कागदातून मेण झिरपून दगडावर बसतं, घासताना खपली निघते. केंद्राच्या कायद्यानं स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. ३८ पोरांनी एकदम खडू घासला तर पहारेकरी आधी बाईंनाच धरेल. लांब उभं राहून वहीत चित्र काढू दे.

चित्रकलावाली

बरं. मग वही-पेन्सिल तरी लिहा सामानात.

आर्याची_आई

मी हा धागा दुसऱ्याच कारणाने वाचतेय. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला टाइप वन मधुमेह आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. बाई, तुमच्या पत्रात 'मुलाला काही आजार आहे का' हा प्रश्नच नाही. आमच्या शाळेच्या पत्रातही नव्हता. मागच्या वर्षी मी स्वतः जाऊन सांगितलं तर उत्तर मिळालं की मग तिला पाठवू नका. रात्री ती रडत झोपली.

साधी गोष्ट आहे. जास्त चालणं झालं की तिची साखर खाली येते. त्या दिवशी इन्सुलिन किती कमी घ्यायचं ते डॉक्टर आम्हाला आधी सांगतात, ते आमचं काम. शाळेने करायचं ते एवढंच की जेवण ठरलेल्या वेळी व्हावं. एकचं जेवण अडीचला गेलं तर दुपारी ती थरथरते, घाम येतो, एकदम चिडते किंवा गप्प होते. लोकांना वाटतं दमली. तेव्हा लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यायचं, पंधरा मिनिटं बसवायचं, पुन्हा बघायचं, मग खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. ह्या चार ओळी बरोबरच्या शिक्षकाच्या खिशात असल्या तर ती पन्हाळा आरामात फिरते.

तेव्हा पत्रात जेवणाची वेळ लिहा. आमच्यासारख्यांना सगळ्या पत्रात तीच ओळ हवी असते. आणि ही माहिती सगळ्यांसमोर नको, बंद चिठ्ठीत मागवा.

चौथी_ब

आर्याची आई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझ्या वर्गात एका मुलाला दमा आहे हे मला माहीत आहे, पण ते योगायोगाने. चिठ्ठीत सरळ विचारते : आजार, औषध, कशाची अ‍ॅलर्जी, गाडी लागते का. पंप किंवा औषध मुलाच्या पिशवीत ठेवायचं की आमच्याकडे?

आर्याची_आई

दोन्हीकडे. एक तिच्याजवळ, एक तिच्या गटाच्या शिक्षकाजवळ. पिशवी गाडीत राहते आणि मूल गडावर असतं, हे नेहमीचं आहे.

मुरलेला_मास्तर

गटाचा विषय निघाला म्हणून. ३८ मुलं आणि पाच मोठे. चारच गट करा, दहा-दहा आणि नऊ-नऊ. चार मोठ्यांकडे एकेक गट, नावांची यादी त्याच्या हातात. पाचव्याकडे गट द्यायचा नाही. त्याने रांगेच्या शेवटी चालायचं, प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे आणि त्याच्या मागे कुणीही राहणार नाही. कुणाला लघवीला न्यायचं, कुणाची चप्पल तुटली, कुणी रडतंय, हे सगळं त्याचं. हा माणूस नसला की गटाचा शिक्षक एका मुलाबरोबर थांबतो आणि बाकीची नऊ मोकळी सुटतात. मुलं हरवतात ती अशीच.

मोजायचं सुद्धा डोकी मोजू नका, नावं घ्या. डोकी मोजताना दुसऱ्या शाळेचं मूल आपल्यात येऊन बसलेलं मी पाहिलंय. संख्या बरोबर आणि मूल भलतंच! डिसेंबरात पन्हाळ्यावर एका वेळी पाच-सहा शाळा असतात आणि गणवेश सगळ्यांचे निळे-पांढरे.

कुणाचं मूल कुणाच्या गटात, हे पत्रात लिहा. पालकाला 'शिक्षक सोबत असतील' यापेक्षा एक नाव आणि एक नंबर पाहिजे असतो.

कसबा_बावडा

पैशाचं कुणीच बोललं नाही. 'शुल्क न भरणाऱ्या विद्यार्थ्यांना नेले जाणार नाही' हे वाक्य वर्गातल्या चार-पाच पोरांना उद्देशून आहे आणि ती कोण ते सगळ्या वर्गाला माहीत असतं. मी त्यातलाच होतो. आम्ही सहलीच्या दिवशी आजारी पडायचो. २५० कशाचे ते तरी सांगा. गाडीचे किती, खाऊचे किती.

उद्यमनगर

बरोबर हाय. आमच्यात लोक हप्त्यानं देतील की, पण विचारायला लाज वाटते.

मुरलेला_मास्तर

आमच्या शाळेत आम्ही एवढंच लिहायचो : 'रक्कम दोन वेळेस दिली तरी चालेल; अडचण असल्यास वर्गशिक्षकांना भेटावे, मूल सहलीला येईल.' कमी पडलेले पैसे शिक्षक आणि एखादे माजी विद्यार्थी भरायचे. एका वर्षी कुणीच भेटायला आलं नाही, कारण पत्र मुलांच्या हातात होतं आणि मुलांनीच ते घरी दाखवलं नव्हतं. तेव्हापासून सही परत आली नाही त्या घरी फोन करायचा असं ठरवलं.

चौथी_ब

नवीन मसुदा देते. 'पाल्य', 'सर्वांगीण विकास' वगैरे काढून टाकलं. हेडसरांना कितपत रुचेल माहीत नाही.

*नमस्कार. आपल्या चौथी ब च्या वर्गाची सहल गुरुवारी पन्हाळ्याला जाणार आहे. सहलीला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी मिळाली आहे. एसटीने जाऊ, एसटीनेच परत येऊ.*

*सकाळी ७ ला शाळेत या, गाडी ७.३० ला सुटेल. शाळेत परत ४.३० ते ५.१५ च्या दरम्यान पोहोचू. वाघबीळ सोडल्यावर वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकू, ग्रुपवर नसलेल्यांना फोन करू. मुलाला न्यायला कोण येणार त्याचे नाव चिठ्ठीत लिहा. त्या माणसाशिवाय कुणाच्याही हाती मूल देणार नाही.*

*गडावर चार ठिकाणे बघू. सज्जा कोठी, अंबारखाना, तीन दरवाजा आणि बाजीप्रभूंचा पुतळा. अंबारखान्यात मुले गंगा कोठाराची लांबी-रुंदी पावलांनी मोजतील आणि छतातून धान्य ओतायची भोके बघतील, म्हणजे सिद्दी जौहरच्या वेढ्यात चार महिने गड कशावर तगला ते समजेल. अंधारबाव तीन दरवाजाजवळच आहे, ती फक्त बाहेरून, शिक्षकांच्या हाताच्या अंतरावर उभे राहून दाखवू. तटाच्या कडेला आणि बुरुजांवर मुलांना नेणार नाही.*

*मुलांचे चार गट आहेत. तुमचे मूल कुणाच्या गटात आहे ते नाव आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहिला आहे. मुलाने मोबाइल आणू नये.*

*जेवण दुपारी १२.३० ला तबक उद्यानात, ही वेळ बदलणार नाही. डब्यात भाकरी किंवा चपाती आणि सुकी भाजी द्या. दही, ताक, दुधाचे पदार्थ नकोत. निघताना दूध देऊ नका. दोन बाटल्या पाणी, टोपी, बूट, चेन असलेली पाठीवरची पिशवी, वही-पेन्सिल. अत्तर लावू नका, वर मधमाश्यांची पोळी असतात.*

*खर्च २५० रुपये : एसटी १८०, प्रवेश व खाऊ ५०, औषधपेटी व इतर २०. उरले तर परत देऊ. रक्कम दोन वेळेस दिली तरी चालेल. अडचण असेल तर मला भेटा किंवा फोन करा, मूल सहलीला येईल.*

*सोबतची चिठ्ठी भरून पाकिटात बंद करून मंगळवारपर्यंत द्या. आजार, औषध, अ‍ॅलर्जी, गाडी लागते का, सगळे लिहा. त्यामुळे मुलाला कुणी मागे ठेवणार नाही. ही माहिती फक्त मी आणि गटाचे शिक्षक वाचतील.*

उद्यमनगर

आता कसं! आईला वाचून दाखवलं, म्हणाली साडेचारच्या आधी जात न्हाई.

वाघबीळ

बेस. फक्त गुरुवार का? आठवड्याच्या मधला वार म्हणून चांगलाच आहे, पण त्या दिवशी दुसऱ्या शाळा किती आहेत ते वर ओळखीच्या कुणाला फोन करून विचारा. अंबारखान्यात दोन शाळा एकदम शिरल्या तर पावलंबिवलं काही मोजता येणार नाही. आत अंधार असतो आणि आवाज घुमतो.

पावनखिंड_१६६०

अंधारबाव बाहेरून दाखवण्यात काय अर्थ? पायऱ्या उतरल्याशिवाय ती कळतच नाही. दहा-दहाच्या गटानं खाली नेलं, एक शिक्षक पुढं, एक मागं, तर काय बिघडतंय? मुलांना सगळीकडून लांबच ठेवायचं तर टीव्हीवर दाखवा ना पन्हाळा.

मुरलेला_मास्तर

सातवी-आठवीला नेली असती. चौथीला नाही. पायऱ्या ओल्या असतात, आत उजेड कमी आणि खाली पाणी. शिवाय एक गट खाली गेला की वरच्या अठ्ठावीस मुलांजवळ किती जण उरले ते मोजा.

पावनखिंड_१६६०

तीन. तीन पुरेत.

मुरलेला_मास्तर

तुमच्या हिशेबात कुणाला लघवी लागलेली दिसत नाही.

पावनखिंड_१६६०

मला नाही पटलं. आम्ही चौथीतच उतरलो होतो आणि आजही आठवतंय.

आर्याची_आई

१२.३० ची ओळ वाचून बरं वाटलं. एकच सुचवते. 'त्यामुळे मुलाला कुणी मागे ठेवणार नाही' हे चिठ्ठीच्या वर मोठ्या अक्षरांत छापा. आजार लपवतात ते ह्याच भीतीने.

कसबा_बावडा

'उरले तर परत देऊ' लिहिलंय, मग द्या हं परत. पाच रुपये असले तरी.

मुरलेला_मास्तर

अंबारखान्यात एक गोष्ट सांगा मुलांना. त्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफा आणून दिल्या आणि गडावर डागल्या, इंग्रजांचं निशाण लावून. पुढच्याच वर्षी, १६६१ ला, महाराजांनी राजापूर लुटलं आणि त्या इंग्रजांना कैद केलं. पोरं त्यावर प्रश्न विचारतात.

चौथी_ब

हे घेते. पत्रात नाही, तिथे उभं राहून सांगेन. अंधारबावेचं हेडसरांवर सोडते, ते स्वतः वर चढून बघून येतो म्हणालेत. मसुदा सोमवारी त्यांच्याकडे देतेय. जुनं शेवटचं वाक्य ते परत घालतील असा अंदाज आहे, तेव्हा मास्तर, त्यांना नेमकं काय सांगायचं ते दोन ओळीत लिहून द्याल का?

मुरलेला_मास्तर

व्यनि केलाय. त्यांचा नंबर दिलात तर मीच बोलतो, आम्ही बहुतेक एकमेकांना ओळखतो.

झुणकाभाकर

आत्ता वाचला सगळा धागा. बाई, तबक उद्यानाजवळ जेवायला बसलात की माकडं येतातच, वाघबीळ म्हणतोय ते खरं. दोघा मोठ्यांना काठी घेऊन उभं करा नुसतं, मारायचं न्हाई. आणि दही डब्यात देऊ नका म्हणालात ते ठीक, पण पन्हाळ्याला जाऊन दही न खाता यायचं म्हणजे...